‘या महिन्याची विक्री ३ लाख ४० हजार’ : एवढ्या एका ओळीवर हॉटेलचा करार मोडता येतो का?

नागपूर-अमरावती रस्त्यावर तळेगावपासून तिवशापर्यंत गाडी चालवली की दोन्ही बाजूंना शेतकऱ्यांनी बांधलेली हॉटेलं दिसतात. कुणी रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यातून बांधलं, कुणी कर्ज काढून. बांधणाऱ्याला संत्र्याचा बगीचा सांभाळायचा असतो, पोरगं पुण्याला नोकरीवर असतं, म्हणून हॉटेल कुणाला तरी ‘चालवायला दिलं’ जातं. पहिली दोन-तीन वर्षं बरी जातात. मग महिन्याचा हिशेब आक्रसत जातो आणि शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ उरते: ‘भाऊ, या महिन्याची विक्री ३ लाख ४० हजार. तुमचे पाठवले.’

पार्किंगमधल्या गाड्या आणि मोबाइलवरचा आकडा यांचा मेळ बसत नाही, पण करारात तर पाच वर्षं लिहिलेली आहेत. अशा वेळी करार मोडता येतो का, आणि मोडायचा तर कसा, याबद्दल गावोगाव वेगवेगळं ऐकायला मिळतं. त्यातलं बरंचसं चुकीचं असतं आणि काही तर मालकालाच अडचणीत आणणारं असतं.

## आधी पाहा: नेमकं काय दिलं आहे?

शेत दोन तऱ्हेनं दिलं जातं. ठेक्यानं दिलं तर ठरलेली रक्कम आली की काम संपलं, तूर किती झाली हे मालकाला विचारायचं कारण नाही. बटईनं दिलं तर मात्र खळ्यावर रास मोजताना मालक उभा राहतो, कारण त्याचा वाटा त्या राशीतूनच निघणार असतो.

हॉटेलचंही तसंच आहे. निव्वळ भाड्यानं दिलं असेल तर तो ठेका झाला. व्यवस्थापन करारात धंदा मालकाचाच राहतो. जीएसटी नोंदणी, अन्न परवाना, वीजमीटर हे सगळं मालकाच्या नावावर असतं, चालवणारा त्याच्या वतीनं हॉटेल चालवतो आणि विक्रीतला किंवा नफ्यातला ठरलेला भाग त्याला मिळतो. आपल्याकडे बऱ्याचदा याची मिसळ असते, ‘कंडक्टिंगवर दिलं’ म्हणतात ती. गल्ला चालवणाऱ्याच्या हातात, खर्च तोच करतो आणि मालकाला विक्रीचा ठरावीक टक्का देतो. तीही बटईच आहे.

पुढच्या सगळ्या चर्चेसाठी एक नमुना करार धरू. कालावधी पाच वर्षं. जीएसटी आणि परवाने मालकाच्या नावावर. मालकाला दरमहा किमान ५०,००० रुपये किंवा निव्वळ विक्रीच्या १४ टक्के, यांतली मोठी रक्कम. निव्वळ विक्री म्हणजे कर आणि खरी सवलत वजा करून उरलेली विक्री. दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत मागच्या महिन्याचा विक्री-अहवाल द्यायचा. सात दिवसांची सूचना देऊन मालकाला हिशेब तपासता येईल. चूक झाल्यास लेखी सूचना मिळाल्यापासून १५ दिवसांत ती दुरुस्त करायची, नाही केली तर ३० दिवसांच्या नोटिशीनं करार संपवता येईल.

## अहवाल म्हणजे रास मोजणं

‘विक्री ३ लाख ४० हजार’ हा अहवाल नाही. मालकाला खळ्यावर न बोलवता घरी दोन पोती आणून टाकण्यासारखं ते आहे. पोती मिळाली, पण रास किती होती हे कळलं नाही.

खऱ्या अहवालात बिलांचा पहिला आणि शेवटचा क्रमांक असतो. रोजची विक्री रोख, यूपीआय, कार्ड आणि ऑनलाइन ऑर्डर अशी वेगवेगळी दाखवलेली असते. रद्द केलेली बिलं, सवलत आणि फुकट दिलेलं जेवण (ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हर-क्लीनरचं ताट यातच येतं) स्वतंत्र दिसतं. सोबत यूपीआयचं आणि बँकेचं विवरण असतं. बिलिंग मशीन रात्री दिवस बंद करताना जी चिठ्ठी काढतं, त्या ‘डे-एंड’मध्ये यातलं बहुतेक आपोआप येतं. अशा तीस-एकतीस चिठ्ठ्या जोडल्या की महिन्याचा अहवाल तयार होतो, त्यामुळे हा फार मोठा व्याप आहे असं कुणी म्हणू नये.

आता यातला खरा धोका सांगतो, जो बहुतेक मालकांच्या लक्षात येत नाही. जीएसटी नोंदणी तुमच्या नावावर असेल तर तुमचं विवरणपत्र चालवणाऱ्यानं सांगितलेल्या आकड्यावर भरलं जातं. आकडा कमी सांगितला गेला असेल तर कमी कर तुम्ही भरलेला असतो. उद्या विभागानं यूपीआयची जमा आणि विवरणपत्र शेजारी ठेवून पाहिलं तर कर, १८ टक्के दरानं व्याज आणि दंड यांची नोटीस तुमच्या नावानं निघेल, चालवणाऱ्याच्या नाही. मासिक पद्धतीत विक्रीचं विवरण ११ तारखेपर्यंत आणि कराचा भरणा २० तारखेपर्यंत करावा लागतो, म्हणून अहवालासाठी ५ तारीख ठेवायची.

## आकड्यात खोट आहे हे कशावरून ओळखायचं?

पहिली खूण आकड्यातच असते. आपल्या नमुना करारात किमान रक्कम ५०,००० आहे. १४ टक्क्यांनी ५०,००० व्हायला विक्री सुमारे ३ लाख ५७ हजार लागते. त्याच्या खालच्या कुठल्याही आकड्याला मालकाला ५०,०००च मिळणार. आता सांगितलेली विक्री नोव्हेंबरात ३ लाख ५२ हजार, डिसेंबरात ३ लाख ४८ हजार, जानेवारीत ३ लाख ४० हजार अशी असेल, म्हणजे दर महिन्याला त्या रेषेच्या जरा खालीच थांबत असेल, तर तिथे बोट ठेवा. खरी विक्री लग्नसराई, सुट्ट्या, यात्रा, पाऊस यांच्याबरोबर वरखाली उड्या मारते. एका रेषेखाली ती शिस्तीत उभी राहत नाही.

दुसरी खूण बिलांच्या क्रमांकात. करबिलाचा क्रमांक सलग असावा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा येऊ नये, असा जीएसटीचा नियम आहे. १ जानेवारीला सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाला मिळालेल्या बिलाचा क्रमांक १८,२११ आणि ३१ तारखेच्या रात्रीच्या शेवटच्या बिलाचा २०,०९४ असेल, तर महिन्यात १,८८४ बिलं निघाली. ही दोन बिलं मिळवायला कुणा ओळखीच्या माणसानं तिथं चहा-पोहे घेऊन बिल जपून ठेवलं तरी पुरतं. फक्त बिलाचा क्रमांक पाहा, रोज एकपासून सुरू होणारा टोकन क्रमांक नको. चालवणाऱ्यानं नंतर दिलेल्या यादीत १,२७० बिलं असतील तर ६१४ बिलं कुठे गेली, हा सरळ प्रश्न उभा राहतो. सांगितलेले ३ लाख ४० हजार १,२७० बिलांवर वाटले की सरासरी बिल सुमारे २६८ रुपयांचं येतं. त्या हिशेबानं गायब ६१४ बिलांची विक्री सुमारे १ लाख ६४ हजार होते आणि एकूण विक्री ५ लाख ४ हजारांच्या आसपास जाते. त्यावर १४ टक्के म्हणजे साडेसत्तर हजार. मालकाला मिळाले पन्नास. एका महिन्यात साडेवीस हजारांची तूट, आणि तुमच्या नावावर ५ टक्क्यांप्रमाणे ८,२०० रुपयांचा न भरलेला जीएसटी वेगळा.

तिसरी खूण गॅसची. मालक आणि चालवणारा दोघांच्या सहमतीनं सात दिवस काउंटरवर बसून प्रत्यक्ष विक्री मोजायची. समजा त्या आठवड्यात १ लाख २२ हजारांची विक्री झाली आणि १९ किलोची चार सिलिंडरं लागली. म्हणजे एका सिलिंडरमागे साधारण साडेतीस हजारांची विक्री. जानेवारीत एजन्सीच्या पावत्यांप्रमाणे सोळा सिलिंडरं आली असतील तर विक्री ४ लाख ८८ हजारांच्या जवळपास असावी. बिलांच्या क्रमांकावरून निघालेला आकडा ५ लाख ४ हजार होता. दोन वेगळ्या वाटांनी जवळजवळ एकच आकडा येतोय आणि सांगितलेला आकडा मात्र दूर आहे, हे महत्त्वाचं.

इथे एक सावधगिरी. रद्द झालेलं प्रत्येक बिल चोरीचं नसतं. पाटवडी संपली म्हणून, गिऱ्हाईक उठून गेलं म्हणूनही बिल रद्द होतं. चुलीवरच्या भाकरी किंवा कोळशाची भट्टी असेल तर गॅसचं गणित बिघडतं. या खुणा संशयाला आधार देतात, गुन्हा सिद्ध करत नाहीत. आणि नेमकं याच कारणासाठी पुढचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा.

## चोरी सिद्ध करायला जाऊ नका, अहवालावर बोट ठेवा

संतापलेला मालक पहिल्या नोटिशीत लिहितो: ‘तुम्ही माझे पैसे खाल्ले, म्हणून करार रद्द.’ इथंच बाजी उलटते. पैसे खाल्ले असं म्हटलं की ते सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो. हिशेबाची वही, मशीनचा पासवर्ड, केओटी (म्हणजे स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) हे सगळं समोरच्याच्या ताब्यात आहे. ज्या कागदांनी चोरी सिद्ध होईल ते त्याच्याच कपाटात आहेत आणि तुम्ही वर्षानुवर्षं तारखा घेत बसता.

अहवाल न देणं ही चूक सिद्ध करायला मात्र त्याच्या कपाटातलं काहीच लागत नाही. करारात ५ तारीख आहे. आलेला मेसेज तुमच्या मोबाइलमध्ये आहे. तुम्ही मागणीचं पत्र पाठवलं त्याची पोच आहे. मुदत संपली आणि काही आलं नाही, हे दिनदर्शिकाच सांगते. म्हणून करार संपवण्याचं कारण ‘ठरल्याप्रमाणे हिशेब दिला नाही आणि मागूनही दुरुस्त केला नाही’ हे ठेवायचं. कमी मिळालेल्या पैशांचा दावा सोडायचा नाही, तो ‘हिशेब पूर्ण झाल्यावर निघेल त्या रकमेचा हक्क राखून’ असा मागे उभा ठेवायचा.

मात्र एकदा अहवाल दोन दिवस उशिरा आला म्हणून पाच वर्षांचा करार उडवता येत नाही. चूक गंभीर असली पाहिजे किंवा पुन्हा पुन्हा झालेली असली पाहिजे, आणि सुधारायची संधी दिल्यावरही टिकलेली असली पाहिजे.

## पत्रांचा क्रम कसा असावा

आपल्या नमुन्यातच पुढे जाऊ. ५ फेब्रुवारीला एका ओळीचा मेसेज आला. ८ तारखेला मालकानं पत्र पाठवायचं. त्यात आरोप नको, फक्त मागणी: नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारीचे पूर्ण अहवाल, त्यात काय काय हवं ते कलमाच्या शब्दांत, आणि एक तारीख. उत्तर बहुधा येतं ‘मशीन बिघडलं होतं’ किंवा ‘पाठवतो ना भाऊ’. हे उत्तर जपून ठेवा, कारण अहवाल दिलेला नाही याची ती कबुलीच आहे.

मग करारातला तपासणीचा हक्क वापरायचा. १३ फेब्रुवारीला सूचना पोचली असेल तर सात दिवस सोडून २४ तारखेला तुमचा सीए हॉटेलवर जाईल. त्यानं काय मागितलं, काय मिळालं, काय नाकारलं हे तिथंच कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या. चालवणाऱ्यानं सही नाकारली तर तसं लिहायचं आणि तोच कागद त्या दिवशी त्याला टपालानं पाठवायचा. बरेच मालक ही पायरी गाळतात. पुढे लवादासमोर पहिला प्रश्न येतो, ‘तुम्हाला तपासायचा हक्क होता, वापरला का?’

यानंतर चूक-सुधारणेची नोटीस. ती २ मार्चला निघाली आणि ५ मार्चला पोचली तर १५ दिवस ५ तारखेपासून मोजायचे, २ पासून नाही. इथं तारीख चुकली की सगळी इमारत ढासळते. मजकूर साधारण असा असावा:

‘कराराच्या अमुक कलमानुसार नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी या तीन महिन्यांचे विक्री-अहवाल आपण दिलेले नाहीत. ८ फेब्रुवारीच्या पत्रानंतर आणि २४ फेब्रुवारीच्या तपासणीतही पुढील कागद मिळाले नाहीत: (यादी). ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत हे सर्व द्यावे आणि त्यावरून निघणारी थकबाकी भरावी. तसे न झाल्यास कराराच्या अमुक कलमाखाली करार संपवण्याचा हक्क वापरला जाईल. आमचे इतर सर्व हक्क राखीव आहेत.’

यादी नेमकी हवी. ‘सगळा हिशेब द्या’ असं लिहिलं तर समोरचा एक गठ्ठा आणून टाकतो आणि ‘दिला’ म्हणतो. १५ दिवसांत सगळं खरंच मिळालं, तर चूक दुरुस्त झाली आणि त्या चुकीवर करार संपवता येत नाही, हेही मान्य करावं लागेल. पण मग बिलांची पूर्ण यादी तुमच्या हातात असते आणि ६१४ बिलांचा प्रश्न पुराव्यासह विचारता येतो.

काहीच आलं नाही, किंवा परत एक कोरं गणित आलं, तर २३ मार्चला करार संपवण्याची नोटीस. ती २६ ला पोचली तर ३० दिवसांनी, म्हणजे २५ एप्रिलला करार संपेल. सगळ्या नोटिसा करारात लिहिलेल्या पत्त्यावर आणि करारात सांगितलेल्या पद्धतीनंच गेल्या पाहिजेत. टपालाची पोच, ट्रॅकिंगचा कागद आणि ईमेल तिन्ही ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप सोबत पाठवा, त्याच्या भरवशावर मात्र राहू नका. मेसेज पुढे पुरावा म्हणून दाखवायचे असतील तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे जुना फोन विकू नका आणि चॅट पुसू नका.

## ‘पण पैसा तर वेळेवर येतो ना?’

हा आक्षेप चालवणाराच घेईल असं नाही, घरातली माणसंही घेतात. ५०,००० येतात ते किमान रकमेचे. करारानं दोन गोष्टी दिल्या होत्या, किमान रक्कम आणि विक्रीतला वाटा. अहवालाशिवाय दुसरी गोष्ट मोजताच येत नाही, म्हणजे बटईचा करार गुपचूप ठेक्याचा झाला, तोही तुम्हाला न विचारता.

याच पैशात एक सापळा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३९ मध्ये, समोरच्यानं आपलं वचन पुरतं पाळायचं नाकारलं तर करार संपवता येतो असं म्हटलंय. पण तिथंच पुढे अट आहे: तुम्ही शब्दानं किंवा वागण्यानं करार चालू ठेवायला संमती दिलेली नसावी. दीड वर्ष एका ओळीचे मेसेज घेऊन पैसे खिशात टाकले, एकदाही लेखी विचारलं नाही, तर समोरचा म्हणेल, ‘यांना ही पद्धत मान्य होती.’ म्हणून वाद सुरू झाल्यावर खात्यात पैसे आले की त्याच दिवशी कळवायचं: ‘५०,००० रुपये अंशतः आणि आमचे हक्क राखून स्वीकारले आहेत. अहवाल बाकी आहे.’ आधी गप्प बसलेले असाल तर निराश होऊ नका. ‘यापुढे कराराप्रमाणे पूर्ण अहवाल लागेल’ असं पत्र देऊन पुढच्या महिन्यापासून मोजणी नव्यानं सुरू करा. तीन महिने जातील, पण पाया पक्का होईल.

## ‘समृद्धी सुरू झाली, गिऱ्हाईक गेलं’

हे कारण खोटंच असतं असं नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, ५ जून २०२५ ला सगळे ७०१ किलोमीटर खुले झाले, आणि जुन्या रस्त्यावरच्या लांब पल्ल्याच्या गाड्या त्यामुळे कमी झाल्या. विक्री खरंच घटली असेल तर तो चालवणाऱ्याचा दोष नाही आणि त्यावर करार मोडूही नये.

पण गिऱ्हाईक घटलं की बिलं घटतात, सिलिंडर घटतात, पिठाची पोती घटतात. १,८८४ बिलं निघतात आणि १,२७० दाखवली जातात, याचं उत्तर समृद्धीत नाही. शिवाय धंदा मंदा असल्याचं सिद्ध करणारा सगळ्यात चांगला कागद पूर्ण अहवालच असतो. खरी मंदी सोसणारा माणूस तो स्वतःहून पुढे करतो आणि किमान रक्कम कमी करून मागतो.

असंच दुसरं कारण ऐकू येतं: ‘दोनशेच्या आतलं बिल द्यायची गरजच नाही.’ नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकानं मागितलं नाही तर २०० रुपयांच्या आत वेगळं बिल न देण्याची सूट खरंच आहे. पण त्या सगळ्या विक्रीचं एकत्र बिल दिवसाच्या शेवटी करावंच लागतं. ते दाखवा म्हणा.

## ‘माझे बारा लाख लागलेत, असा कसा काढता?’

चालवणाऱ्यानं चिमणी, फ्रीज, शेड यांवर खर्च केला असेल तर त्याचा प्रश्न खरा आहे आणि तो आधीच सोडवून ठेवणं मालकाच्याही फायद्याचं आहे. करार कायद्याच्या कलम २०२ मध्ये, एजंटाचा, म्हणजे तुमच्या वतीनं धंदा चालवणाऱ्याचा, त्या मालमत्तेतच हितसंबंध असेल तर त्याला धक्का लागेल असं एजन्सी संपवता येत नाही, असं म्हटलं आहे. नोटिशीला आलेल्या उत्तरात हे कलम हमखास असतं. मात्र धंदा चालवून टक्का मिळणं म्हणजे असा हितसंबंध नव्हे. त्याचं सामान त्याचं आहे, ते त्यानं न्यावं किंवा किंमत ठरवून मालकानं घ्यावं. करारात सामानाची यादी नसेल तर चूक-सुधारणेच्या नोटिशीबरोबरच फोटोसह यादी करून पाठवा. याद्या जुळल्या की निम्मं भांडण तिथंच शमतं.

दुसरा मोठा बचाव: ‘मी भाडेकरू आहे.’ कागदावर ‘व्यवस्थापन करार’ लिहिलं म्हणून तो तसा ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या खटल्यात सांगितलं की कागदाचं नाव नाही, व्यवहाराचं खरं रूप पाहायचं. जागेचा पूर्ण ताबा कुणाकडे होता, हा त्यातला मोठा प्रश्न. किल्लीचा एक जोड मालकाकडे, वीज-पाणी मालकाच्या नावावर, परवान्यांचं नूतनीकरण मालक करतो, महिन्यातून एकदा तपासणीला येतो आणि वहीत सही करतो, हे सगळं असेल तर धंदा तुमचा असल्याचं दिसतं. शे-पाचशेच्या स्टॅम्पवर करार करून पाच वर्षं तिकडे फिरकलाच नसाल तर वाद लांबतो.

## रात्री कुलूप बदलू नका

हे कळकळीनं सांगावंसं वाटतं, कारण चांगली बाजू असलेले मालक इथंच हरतात. करार संपला तरी समोरचा ताबा सोडत नसेल तर कुलूप तोडायचं नाही, वीज कापायची नाही, पोरं नेऊन उभी करायची नाहीत. तशानं तुम्ही हिशेब मागणारे न राहता ताबा हिसकावणारे ठरता. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली, कायद्याची वाट सोडून ताबा काढून घेतलेला माणूस सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कुणाची हा प्रश्न आड येत नाही.

करारात लवादाचं कलम असेल तर लवाद व सलोखा अधिनियम, १९९६ च्या कलम ९ खाली न्यायालयाकडे लवादापूर्वीच मागता येतं की बिलिंग मशीनमधली माहिती जपली जावी, गल्ल्याचा रोजचा हिशेब द्यावा, गरज पडल्यास हॉटेल सांभाळायला न्यायालयाचा माणूस, म्हणजे रिसीव्हर, नेमावा. असा आदेश मिळाला तर ९० दिवसांत लवाद सुरू करावा लागतो. लवादाचं कलम नसेल तर दिवाणी न्यायालय. करारावर मुद्रांक कमी असेल तर तो आधी भरून घ्या, कारण अपुऱ्या मुद्रांकाचा कागद फरक आणि दंड भरल्याशिवाय पुराव्यात घेत नाहीत.

## करारात अहवालाचं कलमच नसेल तर?

गावाकडच्या दोन पानी करारात बहुधा नसतं. तरी हात रिकामे नाहीत. चालवणारा तुमच्या वतीनं धंदा करत असेल तर तो कायद्यानं तुमचा एजंट आहे, आणि करार कायद्याचं कलम २१३ सांगतं की मालकानं मागितल्यावर एजंटानं योग्य हिशेब दिला पाहिजे. कलम २१८ प्रमाणे मालकाच्या वतीनं मिळालेला पैसा त्याला द्यावा लागतो. म्हणून पहिल्या पत्रात ही कलमं घालून हिशेब मागा. एजन्सी संपवताना वाजवी मुदतीची नोटीस द्यावी लागते (कलम २०६). ठरलेल्या मुदतीआधी पुरेशा कारणाशिवाय संपवली तर भरपाई द्यावी लागते (कलम २०५). इथं ‘पुरेसं कारण’ म्हणजे तुमची ती अनुत्तरित पत्रं. एकाच्या जागी तीन पत्रं असू द्या.

## ताबा घेण्याचा दिवस

समजा २५ एप्रिलला चालवणारा जायला तयार झाला. त्या दिवशी दोन पंच, सीए आणि फोटो काढणारा एक माणूस सोबत ठेवा. सर्वात आधी बिलिंग मशीनची पूर्ण प्रत काढून घ्यायची आणि मुख्य पासवर्ड बदलायचा. भांडी मोजत बसाल तोवर माहिती पुसली गेलेली असते. लगेच काउंटरवरचे क्यूआर तपासा. त्यातला एखादा चालवणाऱ्याच्या किंवा त्याच्या भाच्याच्या खात्याचा निघाला तर फोटो काढून पंचांच्या कागदात नोंद करा. ऑनलाइन ऑर्डर येत असतील तर तिथं जोडलेलं बँक खातं बदला. मग वीजमीटरचं रीडिंग, भरलेली-रिकामी सिलिंडरं, किराणा, सामानाची यादी.

किराणा दुकानदार, दूधवाला आणि कोंबडीवाला यांना आधीच लेखी कळवा की अमुक तारखेनंतरची उधारी कुणाच्या नावावर. नाहीतर मागची बाकी मागायला ते तुमच्याच दारात येतील, कारण पाटी तुमच्या नावाची आहे. कामगारांचा थकलेला पगार चालवणाऱ्याच्या अनामत रकमेतून वळता होऊ शकतो, पण करारात तशी सोय असेल तरच. अनामत परत करताना कमी आलेला वाटा वजा करायचा असेल तर आकडा मनानं न ठरवता बिलांच्या यादीवरून काढा आणि तो तक्ता चालवणाऱ्याला आधी पाठवून १० दिवसांत हरकत मागवा.

आणि मशीनच्या प्रतीतून गायब विक्री खरोखर सापडली, तर तुमच्या नावावरचा फरकाचा जीएसटी व्याजासह डीआरसी-०३ या जीएसटीच्या फॉर्ममधून स्वतःहून भरून टाका, विभागाच्या नोटिशीची वाट पाहू नका. त्या चलनाची प्रत चालवणाऱ्याविरुद्धच्या दाव्याला जोडा. त्याच्या लपवण्यामुळे तुमच्या खिशातून नेमके किती पैसे गेले, हे त्यावर तारखेसह छापलेलं असतं.